दोन म्हटली, तीन केली, बुक झाली पाच: बुकिंग बॉटमधल्या स्लॉट फिलिंगचं एक प्रकरण

आधी थोडी पार्श्वभूमी

बसचं तिकीट चॅटवरून बुक करून देणारा एक बॉट आमच्या छोट्या टीमने बनवला होता, त्यातल्या एका तक्रारीची ही गोष्ट. ग्राहक कोण, सेवा कुठली ते सांगत नाही आणि शहरांची नावंही बदलून कनगर आणि खनगर केलीयेत, बाकी संवाद जवळपास जसाच्या तसा आहे.

बॉटला बुकिंगसाठी चारच गोष्टी लागायच्या: कुठून, कुठे, कधी आणि किती सीट. या चार रिकाम्या खणांना स्लॉट म्हणतात आणि माणसाने अर्धवट सांगितलेल्या वाक्यातून जे मिळेल ते खणात टाकायचं, जे उरलं ते एकेक करून विचारायचं, यालाच स्लॉट फिलिंग म्हणतात. कल्पना जुनीच आहे, १९७७ साली GUS नावाच्या प्रवास-बुकिंगच्या प्रोग्रामवर एक पेपर आला होता, त्यातही असेच खण होते आणि जो रिकामा असेल त्याचा प्रश्न. त्या पेपरातल्या संवादात गंमत अशी की प्रोग्राम विचारतो किती वाजता निघायचंय आणि माणूस सांगतो की मला अमुक वाजायच्या आत पोचायचंय. म्हणजे विचारलं एक, उत्तर दुसऱ्याचंच. आमचंही सगळं दुखणं तेच निघालं, फक्त आम्हाला कळायला उशीर झाला.

आमची पहिली आवृत्ती अगदी शिस्तीची होती. ज्या स्लॉटचा प्रश्न विचारलाय त्याचंच उत्तर घ्यायचं, बाकी सोडून द्यायचं. लोक लिहायचे "उद्या दोन सीट मिळतील का कनगरला" आणि बॉट शांतपणे विचारायचा कुठे जायचंय, कोणत्या तारखेला, किती सीट. "आत्ताच तर सांगितलं" हे वाक्य चॅट लॉगमध्ये इतक्यांदा दिसायचं की आम्ही ते आपसात विनोद म्हणून वापरायला लागलो होतो. मग दुसऱ्या आवृत्तीत आम्ही दार सताड उघडलं, कुठल्याही वाक्यात कुठलीही माहिती आली की तिच्या स्लॉटमध्ये भर. बॉट एकदम हुशार वाटायला लागला. तक्रार आली ती या दुसऱ्या आवृत्तीतली.

नेमकं काय झालं

त्या दिवशी महिन्याची २८ तारीख होती. संवाद असा:

ग्राहक: कनगरहून दोन तिकिटं हवीत
बॉट: कुठे जायचंय?
ग्राहक: खनगर. आणि दोन नाही तीन, आई पण येतेय
बॉट: कोणत्या तारखेला?
ग्राहक: ५
बॉट: कोणत्या तारखेला?
ग्राहक: अहो ५ तारीख
बॉट: कनगर ते खनगर, ५ तारीख, ५ सीट. बुक करू का?
ग्राहक: हो

तीन माणसांची पाच तिकिटं झाली. पैसे कापल्याचा मेसेज आल्यावर ग्राहकाच्या लक्षात आलं आणि दोन तिकिटं रद्द करायला त्यांना फोन करावा लागला. फोनवर आमच्या सपोर्टच्या माणसाने आधी "तुम्हीच हो म्हणालात" असं सांगितलं, जे तांत्रिकदृष्ट्या खरं होतं आणि म्हणूनच जास्त चिडवणारं.

आता हा संवाद हळू वाचा. "५" हे तारखेच्या प्रश्नाचं उत्तर होतं, पण बॉटने ते सीटच्या खणात टाकलं, तिथे आधी ३ होते ते पुसून. तारखेचा खण रिकामाच राहिला म्हणून त्याने तोच प्रश्न परत विचारला, काहीच न घडल्यासारखा. ग्राहकाला वाटलं बॉटला नीट समजलं नाही म्हणून त्यांनी "५ तारीख" असं पूर्ण लिहिलं. तेवढ्याने तारीख भरली, पण तीनाचे पाच झाले ते झालेच.

कारण शोधताना

आम्ही रासा हे चॅटबॉट बनवायचं फ्रेमवर्क वापरत होतो आणि सीटच्या स्लॉटची जोडणी अशी होती:

```yaml
seats:
  type: any
  mappings:
    - type: from_entity
      entity: number
```

म्हणजे वाक्यात कुठेही आकडा सापडला की तो सीटचा. कुठला प्रश्न चालू आहे याची अटच नाही. हे असं का लिहिलं गेलं ते जास्त शिकण्यासारखं आहे. शहरांच्या बाबतीत आम्ही ही काळजी आधीच घेतली होती, कारण "कुठून" आणि "कुठे" हे दोन्ही स्लॉट एकाच प्रकारच्या माहितीवर, शहराच्या नावावर, डोळा ठेवून असतात. "कनगरहून" म्हटलं तर प्रत्ययावरून कळतं, "खनगरला" म्हटलं तरी कळतं, पण नुसतं "खनगर" आलं तर ते ज्याचा प्रश्न चालू आहे त्याचं, असा नियम पहिल्या दिवसापासून होता. आकड्याच्या बाबतीत मात्र आमच्या डोक्यात एकच मालक होता, सीट. तारखेसाठी वेगळा ओळखणारा भाग होता जो "उद्या", "शनिवारी", "५ तारीख" असलं सगळं पकडायचा, त्यामुळे तारखेला आकड्याची गरज नाही असं आम्ही धरून चाललो. पण नुसता "५" त्या भागासाठी तारीखच नव्हती, तो फक्त आकडा होता आणि आकड्याला जायला एकच घर.

दुसरा प्रश्न जास्त टोचणारा होता: हे इतके दिवस दिसलं कसं नाही? बॉटला काही समजलं नाही की "माफ करा, कळलं नाही" असा मेसेज जायचा आणि त्याची मोजणी आम्ही रोज बघायचो. ती अगदी छान कमी होती. पण इथे "कळलं नाही" कधी आलंच नाही. रासाच्या फॉर्ममध्ये, म्हणजे स्लॉट एकेक करून विचारणाऱ्या भागात, विचारलेला स्लॉट भरला नाही पण त्याच मेसेजमधून दुसरा कुठला स्लॉट भरला गेला, तर फॉर्मच्या दृष्टीने उत्तर वाया गेलेलं नसतं, तो ते नाकारत नाही, फक्त राहिलेला प्रश्न परत विचारतो. म्हणजे बॉट जितका चुकीचा भरत होता तितका आमचा डॅशबोर्ड हिरवा दिसत होता.

मग जुने लॉग वेगळ्या नजरेने काढले, एकच प्रश्न लागोपाठ दोनदा विचारला गेलाय असे संवाद. बसून वाचले तेव्हा हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपात सापडत गेली. कुणी तारखेला "१५" म्हटलं आणि बॉट म्हणाला एका वेळी इतक्या सीट मिळणार नाहीत. ते लोक बिचारे आपण काय चुकलो म्हणून परत पहिल्यापासून सुरू करायचे. त्यातल्या त्यात महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या तारखा सगळ्यात धोक्याच्या, कारण १ ते ६ हा आकडा सीट म्हणूनही अगदी शोभून दिसतो, त्यामुळे कुठलीच तपासणी अडवत नाही.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय म्हणजे परत शिस्तीकडे, फक्त विचारलेलाच स्लॉट भरायचा. एका ओळीचा बदल होता आणि ही चूक नक्की गेली असती. पण "आत्ताच तर सांगितलं" परत आलं असतं आणि "दोन नाही तीन" सारखी मधेच केलेली दुरुस्ती कुठेच पोचली नसती. त्या ग्राहकाने आई येतेय हे शहराच्या प्रश्नाच्या उत्तरात सांगितलं होतं, माणसं असंच बोलतात.

दुसरा, तारखेसाठी कॅलेंडर आणि सीटसाठी बटणं. यात गोंधळाला जागाच राहत नाही हे खरं. पण बटणं समोर असताना सुद्धा लोक टाइप करतात, पहिलं अर्धवट वाक्य तर टाइप केलेलंच असतं, आणि आमचा एक चॅनेल साध्या मेसेजचा होता जिथे बटणं दिसतच नव्हती.

तिसरा पर्याय टीममधल्या एकाने लावून धरला होता, मोठं लँग्वेज मॉडेल लावू, ते पूर्ण संवाद वाचून चारही स्लॉट काढून देईल. आम्ही थोडं करून पाहिलं. आधीचा प्रश्न सोबत दिला तर "५" ते बरोबर तारखेत टाकायचं, पण तोच प्रश्न सोबत द्यायचा राहिला की तेही आमच्यासारखंच अडखळायचं. आणि जे सांगितलंच नाही ते रिकामं ठेवायला सांगूनही अधूनमधून स्वतःहून सीट १ धरून टाकायचं, जे आमच्या चुकीपेक्षा वाईट, कारण मग तो प्रश्न विचारलाच जात नाही. ते बाजूला ठेवलं, कायमचं नाही, त्या वेळेपुरतं.

चौथा म्हणजे दार उघडंच ठेवायचं पण आत कोण येतंय ते बघायचं. हाच घेतला.

काय केलं

पहिला बदल आकड्याचा. आकडा दोन प्रकारचा मानला. सोबत "तिकिटं", "सीट", "जण" असं काही असेल, किंवा "दोघं", "तिघी" असा शब्दच माणसं मोजणारा असेल, तर तो कुठल्याही वाक्यात आला तरी सीटचा. नुसता आकडा असेल तर तो ज्याचा प्रश्न चालू आहे त्याचाच.

```yaml
seats:
  type: any
  mappings:
    - type: from_entity
      entity: seat_count
    - type: from_entity
      entity: number
      conditions:
        - active_loop: booking_form
          requested_slot: seats
```

तारखेच्या स्लॉटलाही अशीच अट घालून नुसता आकडा घ्यायची परवानगी दिली. वाचायला सोपं आहे, पण यासाठी ट्रेनिंगची वाक्यं परत बसून मार्क करावी लागली, कारण आधी "दोन तिकिटं" मधला फक्त "दोन" मार्क केला होता आणि आता "दोन तिकिटं" हा पूर्ण तुकडा वेगळ्या नावाने लागत होता. आठवड्यातला बराचसा वेळ इथेच गेला, कोडला फार नाही.

पण मग "दोन नाही तीन" चं काय? इथे नुसते आकडे आहेत आणि प्रश्न शहराचा चालू आहे, म्हणजे नव्या नियमाने ते टाकून द्यायला हवेत. हा पहिला खरा निर्णयाचा क्षण होता. आम्ही ठरवलं की सीट आधीच भरलेली असेल, नवीन वाक्यात तोच जुना आकडा परत आला असेल आणि सोबत "नाही", "नको", "ऐवजी" असं काही असेल, तर ती सीटची दुरुस्ती समजायची. "दोन" हा जुना आकडा परत म्हटला हीच त्यातली खूण. आणि दुरुस्ती कळली तरी ती गुपचूप करायची नाही.

गुपचूप हा शब्द महत्त्वाचा. जुन्या बॉटमध्ये रिकामा खण भरणं आणि भरलेला खण पुसून नवं लिहिणं यात काही फरकच नव्हता. आता रिकामा खण बॉट न बोलता भरू शकतो, पण भरलेला बदलला तर त्याला ते बोलावंच लागतं. "बरं, दोनऐवजी तीन सीट. कोणत्या तारखेला?" एवढंच. पुढच्या प्रश्नाच्या आधी आधीचं उत्तर पुटपुटायचं, बस कंडक्टर करतो तसं. त्या ग्राहकाच्या संवादात "५" नंतर बॉट जर "बरं, तीनऐवजी पाच सीट" म्हणाला असता तर चूक तिथल्या तिथे पकडली गेली असती, बाकी काहीही न सुधारता.

आधी एका वाक्यात दोन आकडे आले की शेवटचा घ्या असं आम्ही लिहून ठेवलं होतं. "दोन नाही तीन" मध्ये ते नशिबाने बरोबर यायचं. "तीन करा, दोन नाही" मध्ये उलटं. वाक्यरचनेचे नियम लिहीत बसण्यापेक्षा दोन आकडे आले की बॉट विचारतो, "म्हणजे तीन सीट ना?" एक प्रश्न वाढला, पण तो क्वचितच येतो.

दुसरा बदल तारखेचा. नुसता "५" आला तर पुढे येणारी सगळ्यात जवळची ५ तारीख धरायची, म्हणजे २८ ला म्हटलं तर पुढच्या महिन्यातली. "परवा" हा शब्द मागचाही असतो आणि पुढचाही, पण बुकिंग मागच्या दिवसाचं होत नाही, त्यामुळे तिथे प्रश्नच नाही. खरी पंचाईत झाली मध्यरात्रीनंतरच्या बसची. कुणी "शनिवारी रात्री साडेबाराची" म्हणतं तेव्हा त्यांच्या मनात शनिवारची संध्याकाळ, जेवण आणि मग बस असते, आणि कॅलेंडरप्रमाणे ती बस रविवारची. कॉम्प्युटरच्या हिशोबाने शनिवार ००:३० म्हणजे त्याच्या चोवीस तास आधीची गाडी. इथे बॉटने अंदाज करायचाच नाही असं ठरवलं, रात्री बारा ते चारमधली बस असेल तर तो विचारतो: "शनिवारचा दिवस संपल्यावरची, रविवार लागताना सुटणारी बस ना?" हे वाक्य आम्ही चार-पाच वेळा बदललं. "००:३०" लिहून बघितलं, लोक हो म्हणायचे आणि तरी चुकायचे.

तिसरा बदल शेवटच्या खात्रीच्या वाक्याचा. "५ तारीख, ५ सीट" हे वाक्य डोळा घसरून जावा असंच होतं, एकच आकडा दोनदा. आता तारीख वारासकट आणि महिन्यासकट येते, सीट शब्दात येतात आणि वेगळ्या ओळीवर. आणि संवादात जो स्लॉट मधे बदलला गेला असेल त्याची ओळ आधी. "तीन सीट (आधी दोन म्हटला होतात)" असं.

निकाल

तक्रारीतला पूर्ण संवाद आम्ही टेस्ट म्हणून जोडला, आता कुणीही काहीही बदललं तरी तो आधी चालतो आणि शेवटी सीट तीन आल्या नाहीत तर बदल पुढे जात नाही. लॉगमध्ये लागोपाठ दोनदा विचारलेला प्रश्न अजून दिसतो, पण त्यामागे आता बहुतेक खरोखरच न कळलेलं उत्तर असतं, दुसऱ्याच खणात पडलेलं नाही. तीच मोजणी आता रोज बघतो, "कळलं नाही" च्या शेजारी. दुसऱ्यांदा विचारताना बॉट प्रश्न बदलतो, "तारीख लिहा, उदाहरणार्थ ५ तारीख किंवा येता शनिवार", आणि तिसऱ्यांदा विचारायची वेळ आली तर माणसाकडे देतो.

एक तोटाही झाला. दुरुस्तीची खूण नसेल तर नुसता आकडा आता वाया जातो. "खनगर, ३" असं एका दमात लिहिणाऱ्यांचा ३ बॉट सोडून देतो आणि नंतर सीट विचारतो. त्यांना ते मठ्ठ वाटतं आणि ते बरोबरच आहेत. पण एक जादाचा प्रश्न आणि दोन जादाची तिकिटं यात आम्ही प्रश्न निवडला.

परत करायचं झालं तर

सगळ्यात आधी, स्लॉटची यादी करतानाच प्रत्येक प्रकारच्या माहितीपुढे लिहीन की हिच्यावर हक्क सांगू शकणारे स्लॉट कोणते. आकडा: सीट, तारीख, वेळ, पुढेमागे वय आणि फोन नंबरसुद्धा. हे कागदावर दहा मिनिटांचं काम होतं आणि ते केलं असतं तर "आकड्याला एकच मालक" हा भ्रम पहिल्याच दिवशी फुटला असता.

दुसरं, प्रश्नांचा क्रम. आम्ही तारीख आधी आणि सीट नंतर विचारतो, कारण कुठल्या दिवशी किती जागा शिल्लक आहेत ते तारखेशिवाय कळत नाही, हे ठीकच आहे. पण पहिल्याच वाक्यात सीट सांगून झालेली असेल तर तारखेचा प्रश्न नेहमी भरलेल्या सीटच्या सावलीत येतो. म्हणजे पुसलं जाण्याचा धोका नेमका आधीच सगळं सांगणाऱ्या माणसाला जास्त. टेस्ट करताना आम्ही मात्र कायम अगदी रिकाम्या "तिकीट बुक करायचंय" पासून सुरुवात करायचो, त्यामुळे आम्हाला तो कधी लागलाच नाही.

आणि सपोर्टच्या माणसाला संवाद दिसायला हवा होता. त्यांच्या स्क्रीनवर फक्त अंतिम बुकिंग होतं, सीट ५, खात्री हो. तीन म्हटल्याचं कुठेच नव्हतं. आता स्लॉटचा इतिहास दिसतो: दोन, तीन, आणि कुठल्या वाक्याने बदललं ते.

सीटचा स्लॉट अजून पूर्ण सुटलेला नाही. परवाच लॉगमध्ये एक वाक्य मिळालं, "आम्ही चौघं, पण धाकटा मांडीवर बसेल". बॉटने चार धरले, बदललं काही नव्हतं म्हणून बोलला काही नाही, आणि शेवटच्या खात्रीला ग्राहकाने स्वतःच "तीन" लिहिलं. स्लॉटचं नाव सीट आहे आणि आम्ही त्यात माणसं मोजतोय, त्यामुळे आता माणसं किती आणि सीट किती हे दोन वेगळे स्लॉट करायचे का यावर टीममध्ये वाद चालू आहे. एक प्रश्न परत वाढेल.